प्रमाण आयडी आला, पण दाखला मंजूर झाला का?

माननीय अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी अनुदानित माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माझी पेन्शन कोषागारातून येते. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला यंदा मी जीवन प्रमाण या केंद्र सरकारच्या ऑनलाइन सोयीवर घरूनच भरला. नातू शेजारी बसला होता, पण फोन त्याने माझ्याच हातात ठेवला. "आजी, घाई नाही, आधी वाच, मग दाब," एवढंच तो म्हणत राहिला.

दोन अ‍ॅप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि दुसरं चेहरा ओळखणारं आधारचं. वयामुळे माझ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, त्यामुळे चेहऱ्याची सोय मला फार उपयोगी पडली. आधी ऑपरेटर म्हणून नातवाचा चेहरा घेतला, मग माझा. मागे खिडकी असली की चेहरा काळा पडतो. त्याने माझी खुर्ची फिरवून उजेड समोर घेतला आणि डोळे मिटून उघडायला सांगितलं. चेहरा लगेच जुळला.

खरी अडचण चेहऱ्याची नव्हती, फॉर्मची होती. पेन्शन कोण मंजूर करतं आणि कोण देतं, हे त्यात वेगवेगळं विचारतात. पैसे बँकेच्या खात्यात जमा होतात, म्हणून 'देणारी संस्था' म्हटलं की कोणीही बँकच निवडेल. आमच्यासारख्यांना तिथे कोषागार निवडावं लागतं. नातवाने पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत काढायला लावली आणि तिच्यावरचा क्रमांक मी एकेक अंक मोठ्याने वाचत भरला.

माझ्या एका मैत्रिणीचा फॉर्म बाहेरच्या केंद्रात भरला होता. तिथे बँक निवडली गेली. तिलाही मेसेज आला, प्रमाण आयडी मिळाला, आणि काम झालं असं समजून ती निर्धास्त राहिली. पण आयडी मिळाला म्हणजे दाखला तयार झाला, एवढंच. तो मंजूर करायचा की नाकारायचा हे पेन्शन देणारं कार्यालय ठरवतं. पेन्शन थांबली तेव्हा तिला हे कळलं. औषधांसाठी लेकीकडे पैसे मागताना तिचा आवाज कसा झाला होता, ते मी ऐकलं आहे.

साहेब, फॉर्म भरताना पीपीओ क्रमांक टाकला की कोषागाराचं नाव आपोआप यावं, यासाठी आपल्या खात्याने केंद्र सरकारकडे पाठपुरावा करावा. दाखला मंजूर झाला की कोषागाराकडून मराठीत मेसेज यावा. नाकारला तर कारण आणि कुठे जायचं तेही त्यातच असावं. आणि नाकारल्याचा मेसेज गेल्याशिवाय कुणाचीही पेन्शन रोखू नये. आमच्यापैकी पुष्कळ जणींची नातवंडं परगावी आहेत. त्या हा फॉर्म एकट्याने भरतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका