आबांचे अडकलेले पाच हजार

ती. आबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आबा, ३ तारखेला एटीएममधून पाच हजार आलेच नाहीत, पण खात्यातून कटले. त्याची तक्रार द्यायला तुम्ही बँकेला फोन लावलात आणि काल मला फोनवर म्हणालात, "ती बाई काय बोली ऱ्हायनी, मना ध्यानमा येत नही." मला फार वाईट वाटलं. चाळीस वर्षं चोपड्याच्या बाजारात हिशोब केलेल्या माणसाला स्वतःच्या पैशांची तक्रार स्वतःच्या भाषेत नोंदवता येऊ नये, हे चूकच आहे. बँकेच्या फोनवर बटणं दाबायला सांगणाऱ्या त्या मेनूत मराठी नाहीच, फक्त हिंदी आणि इंग्रजी. म्हणून आज तो मेनू मी शेवटपर्यंत ऐकला आणि बटणं लिहून घेतली. खातं तुमचं आहे, त्यामुळे तक्रार तुमच्याच आवाजात आणि खात्याला जोडलेल्या नंबरवरूनच नोंदवायला हवी.

फोन लावायचा तो एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. गुगलवर शोधलेला कुठलाच नंबर लावू नका, तिथे ठगांनी आपले नंबर टाकून ठेवलेले असतात. फोन लागला की स्पीकर सुरू करा आणि मोबाईल टेबलावर ठेवा. कानाला लावला की पडदा काळा होतो, मग बटणं शोधेपर्यंत मशीनची वेळ संपते आणि ती परत पहिल्यापासून सुरू होते. काल बहुतेक हेच झालं. स्पीकर लागला की पडद्यावरच्या 'कीपॅड'वर बोट ठेवा, आकडे दिसतील.

आधी हिंदीसाठी २, मग कार्डासाठी ३, मग 'पैसे कटले पण मिळाले नाहीत' यासाठी ४. त्यानंतर खात्याचे शेवटचे चार आकडे मागतील, ते दाबा. बाई बोलत असली तरी बटण दाबलं की ती थांबते, पूर्ण ऐकायची गरज नाही. शेवटी ९ दाबलं की माणूस येतो, फक्त वाट पाहावी लागते, गाणं वाजत राहील. बँका हा क्रम अधूनमधून बदलतात. वेगळंच काही ऐकू आलं तर काहीच दाबू नका, गप्प राहा. काही मेनू दोन-तीनदा उत्तर आलं नाही की स्वतःहून माणसाकडे जोडतात. काही मात्र फोन तोडतात, तसं झालं तर पुन्हा लावा.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बँकेच्या त्या बॉटला मराठीत लांब लिहून उपयोग नाही, तो तेच उत्तर परत देतो. तिथे फक्त `agent` एवढंच लिहून पाठवा. माणूस मिळालाच तर तो बहुधा कामाच्या वेळेतच.

माणूस आला की हे वाचून दाखवा: "३ तारीख को एटीएम से पाँच हज़ार निकाले, पैसे नहीं मिले, खाते से कट गए. शिकायत दर्ज करके नंबर दीजिए. मराठी में बात करनेवाले हों तो दीजिए." मराठी माणूस मिळेलच असं नाही, पण मागायला हवं. तक्रार नंबर मात्र घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. आई, तू जवळ वही घेऊन बस, एकेक आकडा लिही आणि परत वाचून दाखव. पिन, ओटीपी, कार्डामागचे तीन आकडे कोणालाच सांगायचे नाहीत, तो कितीही गोड बोलला तरी.

एटीएम दुसऱ्या बँकेचं असलं तरी तक्रार आपल्या बँकेकडेच करायची. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे की असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत यायला हवेत, त्यापुढे बँकेनं रोज १०० रुपये भरपाई द्यायची. म्हणजे ८ तारखेपर्यंत जमा व्हायला हवेत. ११ ला आले तर ३०० रुपये जास्तीचे हक्काचे. ते मागावे लागू नयेत असा नियम आहे, तरी आपण तपासायचं.

फोन अजिबातच जमला नाही तर शाखेत मराठीत अर्ज द्या. तारीख, रक्कम, एटीएमचं ठिकाण लिहा, पावती निघाली असेल तर तिची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या, 'असू द्या आबा' म्हणतील तरी घ्याच. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांचा १४४४८ हा नंबर आहे आणि तिथे मराठीही आहे.

९ तारखेला पासबुक भरून आणा आणि मला फोन करा.

तुमची लेक