विषय : बेडरूमच्या एक्झॉस्ट फॅनचा कार्बन डायऑक्साइड कंट्रोलर चुकीचे आकडे दाखवतो, रात्रभर फॅन चालू-बंद होतो

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

सिंहगड रोडवरच्या आमच्या घरात आई-बाबांच्या बेडरूमला तुमचा कंट्रोलर बसवून तीन महिने झाले. धूळ आणि डासांमुळे त्या खोलीची खिडकी बंदच असते, आणि आई दिवसभर तिथेच असते.

पहिल्या महिन्यापासून सकाळी खोलीत शिरलं की कोंदट वाटायचं, पण ॲप मात्र सगळं ठीक म्हणायचं. मग लक्षात आलं, की दर आठवड्याचा सर्वांत कमी आकडा नेमका ४०० असतो. बाहेरच्या मोकळ्या हवेतच साधारण ४३० पीपीएम असतात. बंद खोलीत माणूस असताना ४०० येतील कुठून?

तुमचा माणूस आला, त्याने बंद खोलीत आम्ही चौघं उभे असताना कॅलिब्रेशनचं बटण दाबलं. आकडा ४०० झाला, काम झालं म्हणून तो गेला! म्हणजे आमच्या श्वासाने भरलेल्या हवेलाच त्याने ताजी हवा ठरवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी युनिट गच्चीवर नेलं, तोंडापासून दूर ठेवून वीस मिनिटं थांबलो आणि कॅलिब्रेट केलं. आठवडाभर सगळं छान चाललं; खोलीतला सर्वांत कमी आकडा ६२०च्या आसपास येत होता. नवव्या दिवशी पुन्हा गच्चीवर नेलं, तर आकडा २१०! कारण उघड आहे. तुमचं ऑटो कॅलिब्रेशन आठवड्यातला सर्वांत कमी आकडा बाहेरच्या हवेचा धरून त्याला ४०० करतं. काम संपल्यावर रिकाम्या होणाऱ्या ऑफिसला ते चालेल. आमच्या खोलीत त्याने खरे ६२० म्हणजे ४०० धरले. त्यामुळे फॅनला हजार दिसतात, तेव्हा खोलीत १२२०च्या आसपास असतात.

दुसरा त्रास झोपेचा. फॅन हजारला सुरू होतो आणि हजारच्या खाली येताच बंद. सेन्सरचा आकडा तर एरवीही वीस-तीसने हलतो. परवाच्या रात्री अकरा ते पाच या वेळात ॲपच्या नोंदीत तो ३४ वेळा सुरू झाला. दर वेळी रिलेचा टक् आवाज, आणि आईची झोप मोडलेली.

म्हणून माझ्या मागण्या अशा : ऑटो कॅलिब्रेशन बंद करायची सोय ॲपमध्ये द्या. फॅन हजारला सुरू होऊन आठशेला बंद होऊ द्या, आकडा पाच मिनिटांच्या सरासरीवरून घ्या, आणि एकदा सुरू झालेला फॅन किमान पंधरा मिनिटं चालू द्या. हे सॉफ्टवेअरने जमणारं काम आहे, नवीन युनिट पाठवून फरक पडणार नाही.

पंधरा दिवसांत अपडेट मिळालं नाही, तर युनिट परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. आणि पुढचा माणूस पाठवाल, तेव्हा त्याला गच्चीवर जायला सांगा.

आपला,
एक ग्राहक, पुणे