चिनूच्या रात्री

परभणी, रविवार

प्रिय सुमे,

काल फोनवर तू रडवेली झालीस. "आई, चिनू न्यूमोनियातून उठून दवाखान्यातून येऊन नऊ दिवस झाले, तरी रात्री लेकरू छातीवरून खाली उतरत नाही." मागून कुकर आणि चिनू दोघंही ओरडत होते, म्हणून आता निवांत लिहितेय.

आधी आज रात्री एक कर. तो गाढ झोपला की सदरा वर करून घड्याळ लाव आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोज. त्याच्या वयाला 40 किंवा त्याच्यावर आकडा गेला, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, किंवा ताप उलटला, तर तो झोपेचा प्रश्न नाही, लगेच डॉक्टरांकडे जा. आडवं केल्यावरच कळवळून कान ओढत असेल तर कानही दाखवून घे. शिवाय वाफेचं औषध झोपायच्या तोंडावर देतेस का? त्यानं काही लेकरं चुळबुळ करतात. वेळ बदलता येईल का ते विचार, मनानं बंद करू नकोस. आणि शेजारीण सांगते ते झोप आणणारं सर्दीचं सिरप तर मुळीच नको.

हे सगळं ठीक निघालं, तर मग बाकीची भीती राहते. तू म्हणालीस, तो रात्री बाराला आणि पहाटे सहाला हमखास दचकतो आणि उजवा हात उशीखाली दडवतो. बाई, त्याच हाताला सलाईनची सुई होती आणि त्याच वेळेला सिस्टर ट्यूबलाइट लावून इंजेक्शन द्यायच्या. लहान मुलांच्या वॉर्डात मी इतकी वर्षं काढली, असे हात किती पाहिले! त्यात न्यूमोनियात तू पाच रात्री त्याला उभंच छातीशी धरलंस. त्याच्या लेखी झोप म्हणजे आता तेच.

म्हणून हा आठवडा जवळच घे. "सवय लागंल" म्हणणाऱ्यांना म्हणू दे. फक्त खाली गादी टाकून, आडवी होऊन घे. सोफ्यावर बसल्या बसल्या तुझा डोळा लागतो, ते धोक्याचं आहे. रात्री मोठा दिवा लावू नकोस. दिवसा मात्र बाहुलीच्या हाताला पट्टी बांध, त्यालाच सोडू दे. तो दहा वेळा सोडेल, सोडू दे.

सासूबाईंना मीठ-मोहऱ्या ओवाळू दे. मिरच्यांचा धूर तेवढा त्याच्यापासून लांब ठेव, छाती अजून कोवळी आहे.

दूर व्हायला कधी लागायचं, ते दिवसा कळेल. दूध-भाकरी पहिल्यासारखी खाऊ लागला, तू मोरीत गेलीस तरी बाबांजवळ खेळत राहिला, आणि तीन-चार रात्री खोकल्यानं उठला नाही, की सुरू कर. आधी छातीवर शांत होऊ दे, पण डोळा लागायच्या आत गादीवर ठेव आणि तू कुशीला चिकटून नीज. तीन रात्री तसंच. मग बसून नुसता पाठीवर हात. मग हात काढून शेजारी बसायचं, मग दाराशी. रडला तर जवळ जा, थोपट, पण त्या रात्रीची जागा शक्यतो सोडू नकोस. फारच घाबरला तर एक पायरी मागं ये, त्यात हरण्यासारखं काही नाही. दुपारची झोप चारच्या पुढं जाऊ देऊ नकोस, नाहीतर रात्री दहापर्यंत तुम्ही दोघं जागे.

रात्रीचं दूध पहिल्या आठवड्यात खरी भूक असते, आजारात पोट खपाटीला गेलेलं असतं. दिवसाचं जेवण भरलं की बाटलीतून दर दोन रात्रींनी 30 मिली कमी कर.

आणि गुपचूप निसटू नकोस. ही चूक माझी आहे. तू अडीच वर्षांची, टायफॉइडमधून उठलेली, आणि माझी नाइट ड्यूटी. तुझा डोळा लागला की मी मागच्या दारानं निघायची. चार दिवसांत तू माझ्या पदराचं टोक मुठीत गुंडाळून झोपायला लागलीस. जरा ओढलं की डोळे उघडायचे. पुढं मी तुला उठवून सांगायला लागले, "माय ड्यूटीला चालली, सकाळी चहाला येते." तू रडायचीस, पण मूठ सैल व्हायला तीनच आठवडे लागले.

मध्येच पुन्हा ताप आला तर पायऱ्या विसर, जवळ घे. बरा झाला की पुन्हा लाग, दुसऱ्यांदा लवकर उरकतं.

शुक्रवारी येते. तो कसा निजतो ते मला बघायचंय, तोवर श्वासाचा आकडा रोज मेसेज कर.

तुझी
आई