मा. गृहमंत्री साहेब, रात्री पकडलेल्या माणसाचं गावानं करायचं काय, हे एकदा लेखी सांगा

मा. गृहमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी जालना जिल्ह्यात तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, गावी शेतीही आहे. आमच्याकडं विहिरीवरची मोटर आणि केबल चोरीला जाणं काही नवीन नाही, म्हणून पोरं रात्री शेतातल्या आखाड्यावर जागतात, काही गावांत ग्रामसुरक्षा दल आहे. पण कोणी हाती लागला तर त्याला धरायचा अधिकार किती आणि कुठपर्यंत, हे त्या पोरांना कोणीच सांगितलेलं नाही, म्हणून हे पत्र.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिच्या कलम ४० प्रमाणं साधा माणूसही दुसऱ्याला अटक करू शकतो, पण गुन्हा त्याच्या समोर घडलेला पाहिजे, आणि तो दखलपात्र पण पाहिजे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, आणि अजामीनपात्र पण, म्हणजे जामीन हक्कानं मिळत नाही असा. दोन्ही एकदम. (कोर्टानं फरार घोषित केलेल्यालाही धरता येतं.) धरल्यावर विनाकारण वेळ न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, पोलीस तिथं नसले तर जवळच्या ठाण्यात न्यायचं. ही सहा तासांची अट जुन्या कायद्यात नव्हती, गावात ती अजून कोणाला माहीतच नाही.

आता समजा रात्री दीड वाजता विहिरीवर दोघं केबल कापताना दिसले, एक पळाला, एक सापडला. चोरी डोळ्यासमोर झाली, म्हणजे पहिली अट पुरी. पण केबलचा तुकडा चार हजाराचा असला तर? गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मधे पाच हजाराच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरला आणि माल परत केला तर शिक्षा समाजसेवेची, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र दाखवलीय. मग साहेब, अंधारात बॅटरी घेऊन उभ्या असलेल्या पोरानं केबलचा भाव काढायचा का, की हा पहिल्यांदा सापडला का आधी कुठं शिक्षा झालीय ते विचारायचं? उद्या तोच माणूस म्हणाला मला बेकायदा डांबून ठेवलं, तर न्याय संहितेच्या कलम १२७ खाली पोरावरच केस, एक वर्षापर्यंत कैद. इथं तुमच्या खात्याचं परिपत्रक पाहिजे, की अशा वेळी ठाणेदारानं धरणाऱ्याच्या प्रामाणिक समजुतीकडं कसं बघायचं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडं कोणी अनोळखी माणूस तशीच केबल विकताना दिसला, तर मात्र गावाला त्याला धरायचा अधिकार नाही, कारण चोरी कोणी बघितलेली नाही, नुसता संशय आहे. तेव्हा ११२ ला फोन करायचा, गाडीचा नंबर टिपायचा, भंगारवाल्याचं नाव सांगायचं, बस. हाच फरक न कळल्यामुळं १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकरी माणसं मुलं पळवणारी समजून ठेचून मारली गेली, त्यांनी कोणाच्या समोर काहीच केलं नव्हतं. आणि खरा चोर असला तरी त्याला खांबाला बांधून मारायचा अधिकार कोणत्याच कलमानं दिलेला नाही, पळू नये एवढंच धरायचं, त्यापुढं हात टाकला की गुन्हेगार आपण.

खबर द्यायचं पण सांगतो. खून, दरोडा, जबरी चोरी, खंडणीसाठी अपहरण, रात्री घर फोडणं असे गुन्हे माहीत असतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ प्रमाणं पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला कळवणं प्रत्येकाचं कायदेशीर कर्तव्यच आहे, नाही कळवलं तर योग्य कारण होतं हे त्यानंच दाखवायचं. साधी चोरी त्या यादीत नाही. पण लोक खुनाचीही खबर द्यायला कचरतात, कारण खबर देणाऱ्यालाच ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवतात आणि त्याचं नाव संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

म्हणून मागणं एवढंच. ११२ ला आलेल्या फोनची वेळ आणि गाडी पोचल्याची वेळ, दोन्ही ठाण्यात नोंदवा, कारण सहा तास धरल्यापासून मोजायचेत, आणि उशीर कोणाचा झाला ते त्या नोंदीवरूनच कळेल. गाडी येणार नसेल तर तसं फोनवरच सांगा, म्हणजे पोरं पहाटेपर्यंत त्या माणसाला घेऊन बसणार नाहीत. माणूस ताब्यात घेताना आणणाऱ्याला पोच द्या, त्यात वेळ लिहा, अंगावर जखमा आहेत का नाहीत ते लिहा, आणि लगेच त्याची डॉक्टरी तपासणी करा, म्हणजे गावानं मारलं की नंतर मार बसला हा वाद राहणार नाही. आणि मोसमाच्या आधी, सोयाबीन काढणीला येण्याअगोदर, पोलीस पाटलांना आणि सुरक्षा दलाच्या पोरांना ठाण्यात बोलावून कलम ४० मराठीतून वाचून दाखवा, अर्धा तास लागतो.

आपला,
जालना जिल्ह्यातला एक वकील