तक्रार: बुरशी लागलेले शेंगदाणे आणि "भाजून वापरा" हे तुमचं उत्तर

कस्टमर केअर विभाग,

नमस्कार. मागच्या आठवड्यात तुमच्या ॲपवरून कच्चे शेंगदाणे मागवले, एक किलोची दोन पाकिटं. घरी कूट लागतोच, त्यात उपवासाचे दिवस. पहिलं पाकीट फोडलं तर आतून प्लास्टिकला बाष्प धरलेलं, बरेच दाणे आक्रसलेले, काळपट, काहींवर पिवळट हिरवी भुरी. वरून बरे दिसणारे चारपाच दाणे सोलून उघडले तर दोघांच्या आत मधल्या फटीत पण बुरशी होती. फोटो काढून लगेच तक्रार टाकली.

तुमचं उत्तर आलं की "थोडे खवट झाले असतील, नीट भाजून वापरा, काही होत नाही". मी परत लिहिलं तेव्हा म्हणे रिफंडसाठी तब्येत बिघडल्याचा डॉक्टरांचा रिपोर्ट लावा. म्हणून हे पत्र.

आधी खवटपणाचं सांगते. खवट म्हणजे दाण्यातलं तेल जुनं होऊन वास मारतं, ते वेगळं. ही भुरी अस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीची असू शकते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. भाजल्यावर बुरशी मरते हो, पण तिने आधीच सोडलेलं विष कढईच्या आचेने थोडं कमी होतं, जात नाही. धुवूनही जात नाही. आणि एकदा कूट केला की खराब दाणा निवडून टाकायची सोयच संपली.

तुम्ही म्हणाल आमच्या लॉटचा रिपोर्ट पास आहे. असेलही. पण हे विष पोत्यात सगळीकडे सारखं पसरत नाही, मोजक्याच दाण्यांत ठासून भरलेलं असतं. हिशोब करा, एका दाण्याचं वजन धरा अर्धा ग्रॅम, म्हणजे किलोत साधारण २००० दाणे. आपल्याकडे कच्च्या शेंगदाण्याला मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम. आता बाकीचे १९९९ दाणे स्वच्छ आहेत पण एकाच दाण्यात २० मायक्रोग्रॅम विष आहे, तर तो एकटा अख्खं किलो मर्यादेबाहेर नेतो, आणि खराब दाण्यात एवढं विष सापडतं, यापेक्षाही जास्त सापडतं. मूठभर दाणे तपासून लॉट पास करायचा म्हणजे तो दाणा मुठीत आला नाही एवढंच कळलं. म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या पद्धतीत लॉटमधून ठिकठिकाणचे दाणे घेऊन २० किलोचा नमुना करतात. तुमचा नमुना किती किलोचा होता ते कळवा.

आता डॉक्टरांचा रिपोर्ट. तो कुठून आणू? थोडं थोडं पोटात गेलं तर उलटी नाही, ताप नाही, लिव्हरची एलएफटी तपासणी पण वर्षानुवर्षं नॉर्मल येऊ शकते. आपलंच लिव्हर त्या विषाचं असं रूप करतं की ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं, काही ठिकाणी ती खूण दुरुस्त न होता कायमची चूक होऊन राहते, गाठींना आवर घालणाऱ्या टीपी५३ नावाच्या जीनमध्येसुद्धा. वीस वीस वर्षांनी लिव्हर कॅन्सर निघाला तर कोणत्या पाकिटामुळे हे कोण सांगणार, तुम्ही तर नाहीच. फार मोठा डोस गेला तरच लगेच दिसतं, १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या गावांत भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन कावीळ आणि पोटात पाणी होऊन शंभरावर माणसं गेली होती.

आमच्या घरात सासऱ्यांना हिपॅटायटिस बी आहे. हा आजार आणि हे विष एकत्र आले की धोका नुसती बेरीज होऊन वाढत नाही, कितीतरी पटीने वाढतो, हे त्यांच्याच डॉक्टरांनी सांगितलंय. त्यामुळे त्यांच्या ताटातली दाण्याची चटणी मी त्या दिवसापासून बंद केली आहे, ते रोज विचारतात आणि मी रोज काहीतरी थाप मारते.

मला दोन्ही पाकिटांचे पैसे हवेत, रिपोर्टशिवाय. त्या बॅचचं बाकीचं पाकीट ज्यांच्याकडे गेलंय त्यांना मेसेज करा. दाण्याची ओल किती होती ते सांगा, ७-८ टक्क्यांच्या वर माल बंद पाकिटात घातला असेल तर ही बुरशी गोडाऊनमध्येच सुरू झाली असणार. आणि परत आलेला माल कृपा करून घाण्यावर किंवा पेंडीला विकू नका, घाण्याच्या कच्च्या तेलात थोडं विष उतरतं, बाकी पेंडीत राहतं, ती गाय-म्हशीने खाल्ली की दुधात येतं, म्हणजे फिरून आमच्याच चहात.

दुसरं पाकीट मी फोडलेलं नाही, बॅच नंबर दिसतोय, तुमचा माणूस येऊन घेऊन जाईपर्यंत तसंच ठेवते. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर तेच पाकीट अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे नेऊन देणार आहे.

तुमची चार वर्षांची ग्राहक,
नाशिक