गोव्याहून, अभिषेकाबद्दल

ती. आई-बाबांस सा. न.

मी मजेत आहे. दारू स्वस्त म्हणून मी बिघडलोय, हे मावशीला कुणी सांगितलं देव जाणे. जेवण घरमालकीणबाईंकडेच असतं.

बाबा, सोमवारी फोंड्याला कुळदेवाचा अभिषेक तुम्ही म्हणालात तसाच केला. इथे अभिषेकाला बसायचं तर शर्टच काय, बनियनही काढून ठेवतात. मी बाजारातून इलॅस्टिकचं, आयत्या निऱ्यांचं धोतर घेऊन गेलो होतो. भटजींनी कंबरेला बोट लावलं आणि हसून म्हणाले, "शिंवलेलें चलना." सोवळं म्हणजे बिनशिवलेलं वस्त्र, धुऊन कुणाची शिवाशिव न होता वाळवलेलं. पावसात इथे काही वाळत नाही, म्हणून लोक रेशमी मुकटाच वापरतात.

शेवटी घरमालकांनी स्वतःचा मुकटा दिला आणि नेसवलाही. चार-साडेचार मीटरचं वस्त्र. मध्य पाठीमागे धरून दोन्ही बाजू पुढे आणायच्या आणि बेंबीपाशी गाठ मारायची. मग एका बाजूच्या निऱ्या करून त्या पायांमधून मागे नेऊन खोचायच्या, तो कासोटा. दुसरीच्या निऱ्या पुढे, बेंबीखाली. मी मध्य चुकवला, तर कासोटा मागे पोचेचना! त्यांनी सगळं सोडून पुन्हा नेसवलं. पुढच्या निऱ्या खोचण्याआधी मला मांडी घालून बसायला लावलं, कारण उभ्यानं बरोबर वाटलेला कासोटा बसल्यावर ओढला जातो आणि ऐन पूजेत सुटतो. बसून पाहिलं, चार बोटं सैल केला, मग पुढचं खोचलं.

वर उत्तरीय. मी ते नेत्यांसारखं गळ्यात घातलं होतं. एका वस्त्रानिशी पूजा करत नाहीत म्हणून ते हवंच, पण जानव्यासारखं: डाव्या खांद्यावरून, उजव्या काखेखालून, म्हणजे पाणी घालणारा उजवा हात मोकळा राहतो. मी ते उजव्या खांद्यावर घेऊ लागलो, तेव्हा घरमालकांनी माझा हातच धरला. तसं पितृकार्यात घेतात. बाबा, आजोबांच्या श्राद्धाला तुम्ही सव्य-अपसव्य करायचात ते हेच, हे मला तिशीत कळलं.

आई, निघताना बाबांचा मुकटा बॅगेत घालत होतीस आणि मी "वजन होतं" म्हणून काढून ठेवला. बुटांचे दोन जोड मात्र आणले. कुरियरनं पाठवू नकोस, मीच येऊन नेईन. दिवाळीत जमेल असं वाटतंय, नक्की नाही.

या महिन्यात पाच हजार कमी पाठवतोय, डिपॉझिट भरायचं होतं. पुढच्या महिन्यात भरून काढतो, ताईच्या हॉलचा ॲडव्हान्स थांबवू नका. कोल्हापूरच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगी चांगली आहे. इतक्यात हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. आल्यावर बोलू, बोलण्यासारखं आहे.

बाबांनी गुडघ्याला तेल लावावं.

तुमचा,
बाळू