छोटीचा रिपोर्ट, आणि ऑपरेशन का नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

छोटीचं ऑपरेशन आत्ता करायचं नाही, असं ठरलं आहे. तिचं, तुमच्या जावयांचं आणि माझं. तुम्हाला विचारलं नाही असं वाटून घेऊ नका. फोनवर सांगायला गेले तर बाबा मध्येच "पण ८४ आलंय ना?" म्हणणार आणि आईच्या हातून फोन ठेवला जाणार, म्हणून लिहिते आहे. बाबा, सावकाश वाचा आणि आईला वाचून दाखवा. कुठलं वाक्य गाळू नका.

छोटीच्या रक्तातला सीए-१२५ ८४, मर्यादा ३५, असा तो रिपोर्ट बाबांच्या मोबाइलवर आला, शेजारी वर जाणारा बाण होता, खाली "ट्यूमर मार्कर" लिहिलेलं होतं, आणि धाकट्या काकूंच्या वेळचे दिवस आठवले. साहजिक आहे. पण असे रिपोर्ट रोज माझ्या सहीने बाहेर पडतात, म्हणून त्यातला प्रत्येक आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही ते नीट लिहिते.

सीए-१२५ हे फक्त कॅन्सरमध्ये तयार होणारं द्रव्य नाही. पोटाच्या आतलं पातळ अस्तर, गर्भाशयाचं अस्तर, गर्भनलिका, फुप्फुसावरचं आणि हृदयावरचं आवरण या सगळ्यांच्या पेशी ते बनवतात. यातल्या कशालाही सूज आली, चिडचिड झाली की ते जास्त झिरपतं आणि रक्तात वाढलेलं दिसतं. पाळीत वाढतं, गरोदरपणात वाढतं, फायब्रॉइडने वाढतं, लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालं तर पुरुषांतही वाढतं. आपल्याकडे पोटाच्या टीबीत तर ते कित्येक शे जातं. पोटात पाणी आणि एवढा मोठा आकडा बघून घरचे लोक कॅन्सर धरून बसतात, आणि निघतो टीबी, गोळ्यांनी बरा होणारा.

आता ३५ ही मर्यादा कुठून आली ते सांगते, कारण बाबांना ती दगडावरची रेघ वाटते आहे. १९८३ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी ८८८ निरोगी माणसांचं रक्त तपासलं आणि शंभरात साधारण एकाचाच आकडा ३५ च्या वर निघाला. अंडाशयाचा कॅन्सर झालेल्यांपैकी शंभरात ८२ जणींचा वर होता. कॅन्सर झालेला पेशंट आणि निरोगी माणूस यांना वेगळं करायला ती रेघ छान चालते, उपचार चालू असताना आकडा उतरतोय का हे बघायलाही चालते. पण छोटी या दोन्हींत बसत नाही. तिला पाळी चालू आहे आणि डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट आहे, म्हणजे एन्डोमेट्रिऑसिसमुळे झालेली, जुनं रक्त साचलेली गाठ. एन्डोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयावर आणि पोटाच्या अस्तरावर जाऊन बसतात, दर महिन्याला तिथेच रक्त सोडतात आणि आसपास सूज आणतात. म्हणजे हे द्रव्य बनवणाऱ्या पेशी जागोजागी आणि त्याही सुजलेल्या. अशा बाईचा आकडा ३५ च्या खाली राहिला तरच मला जरा आश्चर्य वाटेल.

त्यात भर म्हणजे रक्त कधी घेतलं? मी तिला पहिलं हेच विचारलं. पाळीचा दुसरा दिवस. ऑफिसच्या तपासणीचं पॅकेज होतं, तारीख आधीच ठरलेली, तिला कोणी विचारलं नाही आणि तिला सांगावंसंही वाटलं नाही. एन्डोमेट्रिऑसिस असलेल्या बाईत पाळीच्या दिवसांत हा आकडा इतर बायकांपेक्षा जास्त उसळतो. म्हणून त्याच लॅबमध्ये, चौदाव्या दिवशी, पुन्हा रक्त दिलं. त्याच लॅबमध्ये अशासाठी की प्रत्येक कंपनीच्या किटचा आकडा थोडा वेगळा येतो. एका ठिकाणचा ८४ आणि दुसऱ्या ठिकाणचा ६० यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. दुसऱ्यांदा आला ५७.

बाबा, मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल ५७ सुद्धा ३५ पेक्षा जास्तच. हो, आणि तो ३५ च्या खाली यायलाच हवा असंही नाही. गाठ तिथेच आहे, तोवर आकडा असाच वरखाली होत राहील. उद्या गाठ आतून थोडी फुटून तिचं द्रव पोटात सांडलं तर तो हजारातही जाऊ शकतो, आणि तरीही कॅन्सर नसतो. तेव्हा पोटात एकदम जोराचं दुखेल आणि आम्ही दवाखान्यात नेऊ. आकड्याकडे बघून नाही, दुखण्याकडे बघून.

खरी माहिती सोनोग्राफीत आहे, आणि ती तुम्ही पाहिलीच नाही, कारण ती कागदावर आली, मोबाइलवर नाही. डाव्या अंडाशयावर ४.३ सेंटीमीटरची एकच पोकळी. आतलं द्रव सगळीकडे सारखं, धुरकट काचेसारखं करडं. भिंत गुळगुळीत. आत घट्ट भाग नाही, भिंतीवरून आत आलेले कोंब नाहीत, आत रक्तप्रवाह नाही, पोटात पाणी नाही, उजवं अंडाशय साफ. पाळी चालू असलेल्या बाईत हे वर्णन चॉकलेट सिस्टचं आहे. रक्तप्रवाह असलेला कोंब दिसला असता, वेडावाकडा घट्ट गोळा असता किंवा पोटात पाणी असतं, तर आकडा २० आला असता तरी मीच तिला कॅन्सरच्या सर्जनकडे घेऊन गेले असते. कारण उलटंही खरं आहे: अंडाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यात जवळपास निम्म्या बायकांचा सीए-१२५ नॉर्मल असतो. जो आकडा असल्यावर घाबरवतो आणि नसल्यावर खात्री देत नाही, त्याच्यावर ऑपरेशन ठरवायचं नसतं.

तुम्ही शेजारच्या डॉक्टरकाकांकडून "रिस्क इंडेक्स" काढून आणलात, तेही बघू. त्यात तीन गोष्टींचा गुणाकार असतो: सोनोग्राफीचे गुण, पाळीचे गुण आणि सीए-१२५. सोनोग्राफीत पाच खुणा शोधतात: अनेक कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी, इतरत्र पसरलेलं. एकही नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. छोटीचं ० गुणिले १ गुणिले ८४, म्हणजे शून्य. दोनशेच्या वर गेलं तर काळजी करायची. काकूंचं आठवा: वय ६१, पाळी जाऊन दहा वर्षं, पोट पाण्याने फुगलेलं, दोन्हीकडे गाठी, आकडा १२००. तीन गुणिले तीन गुणिले १२००, म्हणजे १०,८००. चाचणी तीच, पण बाई वेगळी आणि सोनोग्राफी वेगळी. शिवाय काकू आपल्या घरी सून म्हणून आल्या, त्यांचं आपलं रक्ताचं नातं नाही. त्यांचा आजार छोटीकडे यायला वाटच नाही. आईच्या किंवा बाबांच्या बाजूला कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असता तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं.

या गुणाकाराचीही एक खोट आहे. समजा छोटीला दोन्हीकडे चॉकलेट सिस्ट असत्या आणि एकीत दोन कप्पे असते. लगेच सोनोग्राफीचे गुण ३, आणि ३ गुणिले १ गुणिले ८४ म्हणजे २५२. दोनशेच्या वर! आजार तोच, साधा. सीए-१२५ आत घातला की पाळीच्या वयात हिशेबच असा फुगतो. म्हणून आता सोनोग्राफी करणारे डॉक्टर गाठीच्या दिसण्यावरूनच ठरवतात, रक्ताचा आकडा न घेता. पेट स्कॅनचं मनातून काढून टाका. पाळी चालू असलेल्या बाईचं निरोगी अंडाशयसुद्धा त्यात चमकू शकतं, आणि मग आणखी एक बाण, आणखी एक रात्र जागरण.

"काढूनच टाकू, कटकट मिटेल" असं आई म्हणाली. आई, कटकट मिटत नाही गं. चॉकलेट सिस्टची भिंत अंडाशयाला चिकटलेली असते. ती सोलून काढताना थोडं चांगलं अंडाशयही निघून येतं आणि उरलेल्या बीजांचा साठा कमी होतो. तिला अजून एक मूल हवं आहे, हे तुलाच माझ्याआधी माहीत होतं. सुईने द्रव काढलं तर गाठ पुन्हा भरते आणि जंतुसंसर्गाची भीती वेगळी. दुखणं सहन होईना, गाठ वाढत गेली किंवा तिचं रूप बदललं, तर दुर्बिणीतून ऑपरेशन करू. ते दार बंद केलेलं नाही.

लपवायचं नाही म्हणून हेही लिहिते. एन्डोमेट्रिऑसिसमध्ये अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका किंचित जास्त असतो. सर्वसाधारण बायकांत आयुष्यभरात शंभरात साधारण १.३, यांच्यात दोनच्या आत. त्यासाठी आज अंडाशय काढत नाहीत, लक्ष ठेवतात.

ठरलं ते असं. डायनोजेस्ट ही एन्डोमेट्रिऑसिसवरची हार्मोनची गोळी, २ मिलिग्रॅम, रोज एक, ठरलेल्या वेळी. पहिले दोन-तीन महिने मधूनमधून डाग लागतील, त्याने घाबरायचं नाही. बारा आठवड्यांनी त्याच डॉक्टरांकडे सोनोग्राफी. साधी रक्त साचलेली गाठ असेल तर तोवर विरघळते, चॉकलेट सिस्ट राहते, म्हणजे निदानही पक्कं होईल. सीए-१२५ पुन्हा करायचा नाही. गोळीनेही तो उतरतो आणि त्यातून काही कळत नाही. सोनोग्राफीत काही शंकास्पद दिसलं तर एमआरआय, आणि मग बाबा म्हणतात तसं टाटाला.

छोटी मजेत आहे. कामाला बाई ठेवली आहे, पाळीत गरम पाण्याची पिशवी घेते, आणि दुखायला लागलं की अजून मेतकूट-भातच मागते, वरून तूप. आई, तू पाठवलेलं मेतकूट संपत आलं आहे, तेवढं पाठव. काढे पाठवू नकोस. गोळीबरोबर कुठलीही पुडी नको, वैद्यांची असली तरी.

बाबा, रिपोर्ट भावकीच्या ग्रुपवर टाकला आहे तो काढा. वीणाच्या मुलीसाठी तसलं पॅकेज घेऊ नका. ज्यांना काही त्रास नाही त्यांची ही चाचणी केल्याने असलीच पत्रं लिहावी लागतात. बीपीची गोळी सकाळी चहाआधी, विसरलात तर दुपारी दोन घेऊ नका. गाणगापूरचं आरक्षण रद्द करू नका.

आणि आई, तुझ्या वयात मात्र नियम वेगळे आहेत. पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला, किंवा दोन-तीन आठवडे रोज पोट फुगलेलं वाटलं, चार घासांत पोट भरायला लागलं, तर "गॅस असेल" म्हणून ओवा खात बसू नकोस, मला त्याच दिवशी सांग. तुझ्या बाबतीत मी सोनोग्राफीही करेन आणि सीए-१२५ सुद्धा.

तुमची,
ताई